मुदत चुकल्यावर क्लायंटला माफीचं पत्र: आधी तारीख, मग माफी

"काही तांत्रिक कारणांमुळे आपल्या प्रकल्पास थोडा विलंब झाला आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमची टीम अहोरात्र काम करत असून लवकरात लवकर काम पूर्ण करण्याचा आमचा प्रयत्न राहील. आपल्या सहकार्याची अपेक्षा."

१ एप्रिल २०२५ ला सकाळी हा मसुदा माझ्यापुढे आला. आमचं पाच जणांचं ऑफिस आहे, आम्ही छोट्या व्यापाऱ्यांना बिलिंग सॉफ्टवेअर करून देतो. सांगलीच्या एका औषधांच्या होलसेल दुकानाचं काम आम्ही ३१ मार्चला द्यायचं होतं आणि दिलं नव्हतं. मसुदा लिहिणारी सहकारी नवीन होती, पण दोष तिचा नाही. आपल्याकडे सगळीकडे अशीच पत्रं जातात. तिनेही कुठल्या तरी जुन्या मेलमधून ही वाक्यं उचलली होती.

त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून हे पत्र संध्याकाळपर्यंत तीनदा लिहिलं. त्यातलं काय का बदललं ते इथे क्रमाने सांगतो. नव्याने नोकरीला लागलेल्यांना आणि स्वतःचं काम सुरू केलेल्यांना त्यावरून आपलं पत्र तपासता येईल.

पत्राआधी फोन

मुदत चुकली हे क्लायंटला पत्रातून कळता कामा नये. आम्ही ३१ ला संध्याकाळी फोन केला, आणि तो मी केला, नव्या मुलीला पुढे केलं नाही. पैसे, माणसं आणि तारीख यांबद्दल ज्याला शब्द देता येतो त्यानेच फोन करायचा. फोनवर तीनच गोष्टी सांगायच्या: काम आज होणार नाही, चूक आमची आहे, नवीन तारीख उद्या संध्याकाळपर्यंत लेखी देतो. तारीख फोनवर देऊन टाकायचा मोह फार होतो. शेठनी विचारलंच, "आठ दिवसांत होईल ना?" अशा वेळी तोंडातून "हो" निघतं आणि आठ दिवसांनी दुसरं माफीपत्र लिहावं लागतं. मी म्हणालो, "शेठ, आत्ता सांगितलं तर अंदाजाने सांगेन. उद्या मोजून सांगतो."

खरं कारण कागदावर

"तांत्रिक कारणं" म्हणजे नक्की काय, हे मी सहकारीला विचारलं. तिला सांगता येईना. मग आम्ही एका कागदावर तारखा मांडल्या.

फेब्रुवारीत दुकानाकडून साठ्याच्या ३०० नोंदी नमुना म्हणून घेतल्या होत्या. त्या सुरळीत चढल्या. पूर्ण यादी आम्ही मागितली थेट १५ मार्चला. तीत ९,६०० नोंदी होत्या. १८ मार्चला लक्षात आलं की त्यांत दोन घोळ आहेत. एक घोळ एक्स्पायरीचा. औषधाच्या पाकिटावर महिना आणि वर्ष असतं, म्हणजे एप्रिल २०२७ साठी 04/27. ही यादी एका अमेरिकी तारीखरचनेच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये उघडली गेली होती, आणि एक्सेलने 04/27 चा अर्थ "२७ एप्रिल, चालू वर्ष" असा लावला. दोन वर्षं टिकणारा माल महिन्याभरात मुदत संपणारा दिसायला लागला. हा घोळ मूळ फाइल मजकूर म्हणून पुन्हा आयात केल्यावर सुटतो, त्याला अर्धा दिवस लागला. दुसरा घोळ चिवट होता. एकच औषध तीन-चार स्पेलिंगांनी नोंदलेलं होतं, कुठे नावापुढे ताकद होती, कुठे नव्हती. ५०० मिलिग्रॅमची गोळी आणि ६५० ची गोळी चुकून एकत्र झाली तर काय होईल, हे सांगायला नको. अशा ३,६०० नोंदी माणसाने डोळ्यांनी बघितल्याशिवाय इलाज नव्हता.

या कागदावर तीन तारखांखाली रेघ मारायची: अडचण कळायला हवी होती ती तारीख, प्रत्यक्षात कळली ती तारीख, आणि क्लायंटला सांगितली ती तारीख. आमच्या बाबतीत फेब्रुवारी, १८ मार्च आणि ३१ मार्च. पहिल्या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे कामातली चूक. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखांमधले तेरा दिवस म्हणजे लपवाछपवी. "जमवू कसंतरी" अशा आशेवर आम्ही ते दिवस काढले. मधे ३० मार्चला पाडवा होता. शेठनी मुहूर्तावर नव्या कॉम्प्युटरची पूजा केली, फोटो पाठवला, आणि आम्ही त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

माफी कशाची मागायची हे त्या कागदाने ठरवलं. उशीर व्यापारी समजून घेतो, त्याचाही माल उशिरा येतो. आपल्याला तेरा दिवस अंधारात ठेवलं हे तो विसरत नाही. त्या तेरा दिवसांत सांगितलं असतं तर त्याचं नुकसान टळलं असतं. जुन्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं रिन्युअल ३१ ला संपत होतं. नवीन येतंय म्हणून त्यांनी ते केलं नव्हतं. १ तारखेला सकाळी दुकानात दोन तास बिल निघालं नाही आणि ७,२०० रुपये भरून रिन्युअल करावं लागलं.

आता एक अवघड जागा. यादीत घोळ होता तो मुळात दुकानाच्याच नोंदींमधला. पत्रात तसं लिहावं का? सहकारीच्या दुसऱ्या मसुद्यात "आपल्याकडून प्राप्त डेटा सदोष असल्याने" असं आलं होतं. मी ते काढलं. वीस वर्षं चाललेल्या दुकानाची यादी अशीच असते. ती आधी बघणं हेच तर आमचं काम होतं. क्लायंटने खरोखर काही उशिरा दिलं असेल, मंजुरी दहा दिवस अडकवली असेल, तर ते तारखेसह वेगळ्या परिच्छेदात नोंदवा. पण माफीच्या वाक्याला "परंतु" जोडून त्यात ते कोंबू नका.

तारीख काढायची कशी

पत्र वाचताना क्लायंटच्या मनात एकच प्रश्न असतो: ही नवीन तारीख तरी खरी का? त्याचं उत्तर "नक्की" या शब्दाने मिळत नाही. तारीख कशी काढली ते दाखवल्यावर मिळतं. म्हणून पत्र बाजूला ठेवून आम्ही १ तारखेला दुपारी एका माणसाला चार तास फक्त नोंदी तपासायला बसवलं. त्याने १८० तपासल्या, म्हणजे तासाला ४५. दिवसात आठ तास काम असलं तरी फोन आणि इतर कामं वजा जाता सहा तासच हाती लागतात, म्हणजे माणशी २७०. दोन माणसं लावली तर रोजच्या ५४०. चाचणीतल्या १८० हिशोबात न धरता ३,६०० नोंदींना सात दिवस.

मग दुकानाच्या फार्मासिस्टने त्यातल्या काही उघडून बघायला दोन दिवस. मग तीन दिवस दोन्ही सॉफ्टवेअरवर तीच बिलं काढून बेरजा जुळवायच्या. एकूण बारा कामाचे दिवस. सहकारीने लगेच बोटांवर मोजून १५ तारीख सांगितली. तिने रविवार वगळले होते, पण १० ची महावीर जयंती आणि १४ ची आंबेडकर जयंती राहिली होती. दोन्ही धरल्यावर काम १७ ला संपतं. १८ ला गुड फ्रायडे. १९ चा शनिवार आम्ही हातचा ठेवला. म्हणजे शनिवारी रात्री नवीन सॉफ्टवेअर चढवायचं, रविवारी दुकान बंद, आणि सोमवारी २१ ला पहिलं बिल.

क्लायंटला खुश करायला १५ लिहिण्यापेक्षा २१ लिहिणं मला बरं वाटतं. सहा दिवसांनी कोणी क्लायंट जात नाही. दुसऱ्यांदा शब्द मोडला तर जातो.

मधल्या दिवसांचं काय

तोपर्यंत क्लायंटने काय करायचं, हे बहुतेक माफीपत्रांत नसतंच. आमच्या कामात हा प्रश्न बोचरा होता, कारण १ एप्रिलला नवीन आर्थिक वर्ष सुरू होतं आणि बिलांचे क्रमांक नव्याने लागतात. वीस दिवसांची बिलं जुन्या सॉफ्टवेअरमधून निघाली आणि मग नवीन आलं तर क्रमांकांचा गोंधळ होणार, अशी धास्ती शेठना आणि त्यांच्या सीएंना होती. जीएसटीच्या नियमांत याला वाट आहे. नियम ४६ प्रमाणे बिल क्रमांक सोळा अक्षरांच्या आत हवा, सलग हवा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको. पण मालिका एकापेक्षा जास्त चालतात. म्हणून जुन्याची बिलं `A/25-26/0001` पासून आणि नव्याची `B/25-26/0001` पासून असं ठरवलं. एप्रिलच्या जीएसटीआर-१ मध्ये तक्ता १३ मध्ये दोन्ही मालिका वेगवेगळ्या दाखवायच्या. ते विवरण ११ मेपर्यंत भरायचं असल्याने २१ तारखेचा बदल त्याच्या आड येत नाही.

तुमचा धंदा वेगळा असेल. प्रश्न मात्र हाच विचारा: माझ्या उशिरामुळे क्लायंटच्या पुढच्या कोणत्या तारखा हलतात? त्या शोधल्या की क्लायंटची झोप उडवणारी गोष्ट तुमच्या पत्रात येते.

भरपाई

सहकारीने सुचवलं, "पुढच्या कामावर दहा टक्के सूट देऊ." नको. ज्याला आत्ता आपल्याशी पुढचं काम करावंसं वाटत नाही, त्याला ही जाहिरात वाटते. जे नुकसान मोजता येतं ते भरून द्या. आम्ही रिन्युअलचे ७,२०० अंतिम बिलातून वजा केले. शिवाय शेवटचा ७२,००० चा हप्ता सॉफ्टवेअर चालू होऊन पंधरा दिवस झाल्यावरच घ्यायचा ठरवला. यातलं दुसरं पाऊल मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तारीख पुन्हा चुकली तर आपलेही पैसे अडकतात, हे क्लायंटला दिसतं.

करारात उशिरासाठी दंडाचं कलम असेल किंवा "वेळ हा कराराचा गाभा" अशा अर्थाचं वाक्य असेल, तर पत्र पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ मुदत चुकल्यावर समोरच्याला कोणते हक्क मिळतात ते सांगतं, आणि कलम ७४ ठरलेल्या दंडाबद्दल आहे. घडलं ते तारखेसह सांगायला हरकत नसते. "करारभंग झाला", "सर्व नुकसानीची जबाबदारी आमची" असे कायदेशीर निष्कर्ष आपण होऊन लिहू नयेत.

आता भाषा

मराठीत कर्ता गायब करणं फार सोपं आहे. "विलंब झाला", "राहून गेलं", "लक्षात आलं नाही". काम कुणी केलं नाही ते कळतच नाही, जणू उशीर पावसासारखा आपोआप पडला. मसुद्यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि विचारा: कुणी? "विलंब झाला" चं "आम्ही वेळेत दिलं नाही" करा. पूर्ण पत्रात हा बदल चार-पाच ठिकाणी करावा लागतो, आणि नेमका तिथेच हात अडखळतो.

दुसरं, "दिलगीर". दिलगीर म्हणजे खिन्न. गाडी उशिरा आल्यावर स्टेशनवरची उद्घोषणा दिलगीर असते, आणि फलाटावरच्या कुणालाही ती माफी वाटत नाही. चूक आपली असेल तर "माफी मागतो" लिहा, एकदाच, आणि पुढे चला. प्रत्येक परिच्छेदात माफी मागितली तर वाचणाऱ्यालाच आपलं सांत्वन करावं लागतं.

"थोडा", "किंचित" काढा. किती ते आकड्याने सांगा. "अहोरात्र" पण काढा. तुम्ही रात्री जागता याचं क्लायंटला काही नाही, उलट जागरणात केलेल्या नोंदी चुकतील अशी भीती वाटते. "लवकरात लवकर" च्या जागी तारीख. "सहकार्याची अपेक्षा" चूक आपण केल्यावर लिहायची नाही.

आणि पत्र क्लायंट ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत. शेठ आमच्याशी मराठीत बोलतात. पहिला मसुदा मुळात इंग्रजीत होता, मग त्याचं मराठी केलं, म्हणून तो तसा सरकारी वाटत होता.

गेलेलं पत्र

> दि. १ एप्रिल २०२५
>
> विषय: बिलिंग सॉफ्टवेअर ३१ मार्चला न दिल्याबद्दल माफी, आणि नवीन तारीख
>
> सप्रेम नमस्कार,
>
> तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर ३१ मार्चपर्यंत चालू करून द्यायचं आम्ही कबूल केलं होतं. ते आम्ही दिलं नाही. त्याबद्दल मी तुमची माफी मागतो.
>
> आम्ही दोन चुका केल्या. साठ्याची पूर्ण यादी फेब्रुवारीतच मागवून तपासायला हवी होती; आम्ही ३०० नोंदींच्या नमुन्यावर भागवलं. पूर्ण यादीतल्या ३,६०० नोंदी हाताने तपासाव्या लागणार, हे आम्हाला १८ मार्चला कळलं. दुसरी चूक मोठी आहे. हे त्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं, ते आम्ही तेरा दिवस सांगितलं नाही. त्यामुळे तुमचं रिन्युअल राहिलं आणि आज सकाळी दोन तास दुकानाचं बिलिंग बंद पडलं.
>
> सोमवार, २१ एप्रिलला पहिलं बिल नव्या सॉफ्टवेअरमधून निघेल. आज दुपारी आम्ही चार तास काम करून वेग मोजला. त्या वेगाने दोन माणसं ९ तारखेपर्यंत सर्व नोंदी तपासतील. ११ आणि १२ ला तुमच्या फार्मासिस्टनी त्यातल्या कुठल्याही १०० नोंदी उघडून बघाव्यात. १५ ते १७ दोन्ही सॉफ्टवेअरवर बिलं काढून बेरजा जुळवू. १९ ला रात्री बदल करू.
>
> रोज संध्याकाळी सहाला किती नोंदी उरल्या तो आकडा तुम्हाला पाठवू. ७ तारखेला ९०० च्या आसपास उरायला हव्यात. १,२०० पेक्षा जास्त उरल्या तर त्याच रात्री मी फोन करेन आणि दुसऱ्या दिवसापासून तिसरा माणूस लावेन.
>
> तोपर्यंत बिलं जुन्या सॉफ्टवेअरमधून A मालिकेत काढावीत. नव्यात B मालिका सुरू करू. याबद्दल तुमच्या सीएंशी मी उद्या बोलतो.
>
> रिन्युअलचे ७,२०० रुपये आमच्या बिलातून वजा केले आहेत. उरलेला ७२,००० चा हप्ता सॉफ्टवेअर पंधरा दिवस नीट चालल्यावरच द्यावा. ७,२०० त्यातूनच कमी होतील.
>
> यापुढे कुठलंही काम घेताना पूर्ण यादी पहिल्या आठवड्यात तपासल्याशिवाय आम्ही तारीख देणार नाही.
>
> आपला,
> (सही, मोबाइल नंबर)

पाठवण्याआधी एकदा

या कामात नसलेल्या कुणाला तरी पत्र वाचायला द्या आणि ते काढून घेऊन तीन प्रश्न विचारा. चूक कुणी केली? पहिलं बिल कधी? तारीख पुन्हा चुकणार असेल तर क्लायंटला ते कधी कळेल? पहिली दोन उत्तरं बहुतेक मिळतात. तिसऱ्यावर वाचणारा थांबला तर पत्र अजून तयार नाही. आमच्या दुसऱ्या मसुद्यात ७ तारखेचा आकडा नव्हता. आमच्या हिशोब बघणाऱ्या बाईंनी विचारलं, "आणि तुम्ही पुन्हा गप्प बसलात तर?" तेव्हा तो परिच्छेद आला.

शेवटचं वाक्यही तपासून घ्या. "यापुढे असं होणार नाही" हे वचन कुणालाच पाळता येत नाही. पाळता येईल अशी एक सवय लिहा.

पत्र संध्याकाळी सातला गेलं. शेठचं उत्तर आलं नाही. अशा वेळी "मिळालं का?" म्हणून मागे लागू नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पहिला आकडा पाठवला: ३,०९०. अपेक्षेपेक्षा ३० नोंदी मागे. तसाच पाठवला. ७ तारखेला १,०४० उरल्या होत्या. ९०० नाही, पण १,२०० च्या आत. सहकारी म्हणाली, "जवळपास हजार असं लिहू का?" मी म्हटलं, एक हजार चाळीस लिही. पाच मिनिटांनी शेठचं उत्तर आलं, आठ दिवसांतलं पहिलं: "बरं. ११ ला फार्मासिस्टला सकाळी दहालाच बसवतो."